नंबर कुणाला न सांगता पासवर्ड बदलायचा कसा?



गटाच्या बैठकीत ओटीपीचा विषय निघाला की सगळ्याजणी एका सुरात म्हणतात, "ओटीपी कुणाला सांगायचा नाही." हे आता पाठ झालं आहे. पण त्यातल्याच कितीतरी जणी जीमेल अडकलं की मोबाईलच्या दुकानात जातात आणि दुकानदाराने "काकू, काय नंबर आला?" असं विचारलं की चष्मा लावून सहाच्या सहा आकडे वाचून दाखवतात. आम्ही त्यांना बोल लावत नाही. सांगायचं नाही एवढंच त्यांच्या कानावर आलं आहे. न सांगता काम कसं पुरं करायचं, हे कुणी दाखवलेलंच नाही. आज आम्ही तेवढंच सांगणार आहोत, आणि तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कसं समजवायचं या अंगाने.

उदाहरण आमच्या घरातलंच घेतो. आमच्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकी म्हणतो, सत्तरी ओलांडलेल्या आहेत. त्यांचा फोन पाण्याच्या हौदात पडला आणि गेला तो गेलाच. मुलाने पुण्याहून नवा फोन पाठवला, जुनं सिमकार्ड त्यात घातलं. फोन लागायला लागला, पण नावं एकही नाही. माहेरच्यांचे, दवाखान्याचे, दूध डेअरीचे, सगळे नंबर जुन्या फोनबरोबर बुडाले असं काकींना वाटलं. ते बुडाले नव्हते. ते काकींच्या गूगल खात्यात होते, म्हणजे आपण ज्याला नुसतं जीमेल म्हणतो त्यात. नव्या फोनवर ते खातं उघडलं की नावं परत येणार होती. पण खातं पासवर्ड मागत होतं, आणि तो पासवर्ड चार वर्षांपूर्वी मुलाने टाकलेला. त्यालाही आता आठवेना.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी इथूनच बदलतो. तुला एक नंबर येईल, तो फक्त मला सांग."

काकी आम्हाला विचारायला आल्या. आम्ही म्हणालो, "काकी, नंबर सांगू नका. आपण इथेच करू." तर त्या चिडल्याच. "अगं, पोटच्या पोराला सांगायचं नाही? तो काय मला लुबाडणार आहे?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. याचं नीट उत्तर दिलं नाही तर म्हातारं माणूस आपल्यासमोर मान हलवतं आणि पाठीमागे नंबर सांगून मोकळं होतं. म्हणून हा ओटीपी येतो कशासाठी, ते आधी सांगावं लागतं.

आम्ही काकींना मनीऑर्डरची आठवण करून दिली. पोस्टमन पैसे घेऊन यायचा तेव्हा ज्याच्या नावाची मनीऑर्डर त्याचीच सही किंवा अंगठा घ्यायचा. तसंच गूगलचं आहे. पासवर्ड विसरला असं कुणीही म्हणू शकतं. त्यासाठी फक्त तुमचा जीमेलचा पत्ता माहीत असला की झालं. मग गूगलला कळणार कसं की मागणारी काकीच आहे? म्हणून ते काकींच्या सिमवर सहा आकडे पाठवतं. ते आकडे ज्याने भरले तो खात्याचा मालक, असं धरून चालतं. त्याला माणूस दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. आकडे बरोबर आले की दार उघडलं.

"म्हणजे तो नंबर म्हणजे माझा अंगठाच म्हण की," काकी म्हणाल्या.

अगदी तसंच. आणि नंबर दुसऱ्याला सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणं. वर काय लिहिलं जाणार ते देणाऱ्याला दिसत नाही. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यापायी कुणाकुणाची जमीन गेली, हे काकींच्या पिढीला आपण सांगायची गरज नाही.

तरीही बोलून जे पटत नाही ते डोळ्यांनी बघून पटतं. काकींना विचारून आम्ही एक प्रयोग केला. त्या ओसरीवर त्यांचा फोन घेऊन बसल्या, आम्ही आत चुलीपाशी आमच्या फोनवर काकींच्या जीमेलचा पत्ता टाकला आणि पासवर्ड विसरलो असं दाबलं. ओसरीवर टिंग वाजलं. काकी ओरडल्या, "अगं, नंबर आला! मी तर काहीच केलं नाही!" आम्ही आतूनच म्हणालो, "मी केलं, काकी. आता तुम्ही तो मला सांगितलात तर तुमच्या खात्याला माझा पासवर्ड बसेल." काकी फोन पदराखाली धरून गप्प बसल्या. आम्ही आत घरातल्या घरात होतो, दुसरा कुणी कोसो दूर असता तरी टिंग असंच वाजलं असतं. मैत्रिणींनो, हा प्रयोग घरी करायचा तर एकदाच करा. सारखा सारखा कोड मागितला की गूगल थोडा वेळ कोड पाठवणंच बंद करतं. आम्हीही खरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी केलं.

आता पोटच्या पोराचं. मुलावर अविश्वास दाखवायचा प्रश्नच नाही. अडचण सवयीची आहे. आज मुलाला नंबर सांगितला की मनात बसतं, ओळखीच्याला सांगितलं तर चालतं. उद्या फोन येतो, "मी तुमच्या मुलाच्या ऑफिसातून बोलतोय, तो मीटिंगमध्ये आहे." किंवा शेजारणीच्या व्हॉट्सॲपवरून निरोप येतो, "ताई, माझा सहा आकड्यांचा नंबर चुकून तुमच्याकडे गेलाय, पाठवा ना." शेजारणीचं व्हॉट्सॲप आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं आणि आता तो तुमचं मागत असतो. नाव शेजारणीचं, फोटो शेजारणीचा. सत्तरीच्या बाईने खरं खोटं ओळखायचं कशावरून? त्यापेक्षा मुलालाही सांगायचा नाही, हे पाळायला सोपं. काकींच्या मुलाला आम्ही हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा जरा नाराज झाला, मग म्हणाला, "बरोबर आहे. मी वाट सांगतो, आई चालेल."

तीच आमची पद्धत. मदत करणारा वाट सांगतो आणि बोट मालकिणीचं चालतं. जीमेलचा पत्ता मुलाने फोनवर सांगितला. पत्ता सांगायला हरकत नाही, तो काही गुपित नसतो. पुढचं काम असं झालं.

काकींच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन खाती जोडायची जागा उघडली आणि गूगल निवडलं. तिथे पत्ता लिहून Next दाबलं. पासवर्डची रिकामी चौकट आली. तिच्या खाली Forgot password? असं लिहिलेलं असतं, ते दाबलं. काही वेळा इथे आठवत असलेला जुना पासवर्ड विचारतात. आठवत नसेल तर Try another way दाबायचं. मग पडद्यावर येतं की कोड अमुक नंबरवर पाठवू का. तो नंबर पूर्ण दिसत नाही, शेवटचे दोन आकडे दिसतात.

इथे थांबायचं. ते दोन आकडे आपल्याच नंबरचे आहेत का, ते बघायचं. ही पायरी बहुतेकजणी न बघता पुढे जातात आणि खेड्यात नेमकं इथेच घोडं अडतं. कारण आपल्याकडे कितीतरी जणींचं जीमेल दुकानदाराने उघडून दिलेलं असतं आणि घाईत त्याने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. कधी तो पुतण्याचा असतो, कधी बंद पडलेल्या जुन्या सिमचा. मग आपण बसतो मेसेजची वाट बघत आणि कोड जातो तिसऱ्याच फोनवर. आकडे आपले नसतील तर Send दाबू नका. तो नंबर कुणाचा हे आठवा. घरातल्या माणसाचा असेल तर त्याने सुट्टीला घरी आल्यावर शेजारी बसून काम करायचं.

काकींचे दोन्ही आकडे जुळले. आता Send दाबायच्या आधी एक गोष्ट केली. मुलाचा फोन सुरू होता, तो ठेवायला सांगितलं. कोड येणार असेल तेव्हा कानाला फोन नको. माणूस बोलण्याच्या ओघात वाचून टाकतं, स्पीकर लावला असेल तर ओसरीवर बसलेले सगळेच ऐकतात. व्हिडिओ कॉल करून पडदा दाखवणं हेही नको, तोंडाने सांगितलं काय आणि डोळ्यांना दाखवलं काय, एकच. आणि "हे ॲप टाका, मग मला इथून तुमचा पडदा दिसेल" असं परका माणूस म्हणाला तर तिथेच फोन बंद करायचा. पडदा दिसला की ओटीपीही दिसतो, तुम्ही तोंड उघडा अगर न उघडा.

Send दाबल्यावर मेसेज आला. गूगलच्या कोडच्या पुढे G- असं असतं आणि त्यानंतर सहा आकडे. G- लिहायचं नसतं, फक्त आकडे भरायचे. नवख्या माणसाची इथे एक फजिती होते. मेसेज बघायला म्हणून तो मेसेजच्या खोक्यात जातो आणि परत येईपर्यंत पहिला पडदा हरवतो. म्हणून वरून खाली बोट ओढायचं, मेसेज तिथेच दिसतो. आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवायचे, बोट वर सरकवायचं, आणि चौकटीत भरायचे. काकींना इंग्रजी येत नाही, पण एसटीच्या पाट्या आणि फोन लावण्यामुळे आकडे पक्के येतात. त्यांनी एकेक आकडा स्वतः दाबला. आम्ही शेजारी होतो, पण मान दुसरीकडे वळवली होती. काकींना त्याचं हसू आलं. "आता तू कुठे चोर आहेस?" म्हणाल्या. पण असं मान वळवलेलं त्यांच्या लक्षात राहील म्हणूनच ते केलं. चिटोरा नंतर चुलीत गेला. तसा तो कोड एकदा वापरला की संपतो, दुसऱ्यांदा चालत नाही.

कोड बरोबर बसला आणि नवा पासवर्ड मागितला. किमान आठ अक्षरं लागतात आणि तोच दोनदा लिहायचा असतो. नातवाचं नाव आणि जन्मसाल टाकायचं नाही, ते अख्ख्या गावाला माहीत असतं. एकमेकांशी संबंध नसलेले दोनतीन शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि मध्ये एखादा आकडा. काकींनी कुठले शब्द घेतले ते आम्हाला ठाऊक नाही, आणि त्या सांगणारही नाहीत. त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवायला शाळेत जाणारी नात लागली, म्हणजे पासवर्ड आता दोघींना माहीत आहे. मुलाला तो लागला तर घरी येऊन मागेल.

पासवर्ड लिहून ठेवावा का? पुष्कळ लोक नको म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. सत्तरीच्या माणसाला सांगायचं लक्षात ठेवा, आणि तो विसरला की परत दुकानदाराकडे जायचं, यापेक्षा घरातल्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत, वहीच्या पानावर लिहिलेला बरा. पुण्यातला किंवा परदेशातला चोर काही तुमची ट्रंक उघडायला येत नाही. फक्त तो फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नका, आणि रेशनकार्डाच्या पिशवीतही नको, ती पिशवी दहा ठिकाणी उघडली जाते.

काकींचं काम अर्ध्या तासात झालं. सगळ्यांचं असं सरळ होईलच असं नाही. नवा फोन, नवी जागा दिसली की गूगलला कधी संशय येतो आणि ते थांबायला सांगतं, काही तास, कधी काही दिवसही. तेव्हा थांबायचंच. याच वेळी माणसं घायकुतीला येऊन इंटरनेटवर जीमेलचा कस्टमर केअर नंबर शोधतात, आणि फसतात. पासवर्ड परत मिळवून देणारी कुठलीही फोनसेवा गूगल चालवत नाही, तसं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलेलंही नाही. तेव्हा असा नंबर सापडला तर तो खोटाच समजा.

आणि जुना फोन चालू असेल, नुसता पासवर्ड आठवत नसेल, तर बहुतेक वेळा कोडचीही गरज पडत नाही. जुन्या फोनमध्ये खातं आधीच उघडलेलं असतं. तिथल्या सेटिंगमध्ये गूगल, मग आपलं खातं, मग सुरक्षेच्या भागात पासवर्ड, असं गेलं आणि Forgot password? दाबलं की पुष्कळदा फोन आपलं स्वतःचं कुलूप उघडायला सांगतो, म्हणजे रोजची रेघोटी किंवा बोटाचा ठसा. तो दिला की नवा पासवर्ड टाकता येतो. म्हणून जुना फोन दुकानदाराला देऊन टाकायची घाई करू नका. नव्या फोनवर नावं दिसेपर्यंत तो घरात असू द्या.

आता राहिला न मागता आलेला कोड. आपण काहीच केलं नाही आणि ओटीपी आला, तर काकींच्या ओसरीवर जे झालं तेच कुणीतरी लांबून करतंय. आपण काय करायचं? काही नाही. मेसेज तसाच पडू द्यायचा. थोड्या वेळाने तो कोड आपोआप निकामी होतो आणि चोर दाराबाहेरच राहतो. यानंतर लगेच फोन येऊ शकतो, "तुमच्या खात्यात कुणीतरी शिरतंय, ते रद्द करायला आलेला नंबर सांगा." रद्द करायला कुठलाही नंबर लागत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना दोनदा सांगा, कारण घाबरलेल्या माणसाला हे वाक्य खरं वाटतं.

बँकेच्या पासवर्डचा मार्ग असाच असतो, पडदे वेगळे असतात. तिथे बँकेचा मेसेज आला की नुसते आकडे बघू नका, बाकीचा मेसेजही बघा. आपण पासवर्ड बदलत असताना मेसेजमध्ये Rs आणि पुढे रक्कम दिसली, तर ते पासवर्डचं काम नव्हे, पैसे निघण्याचं आहे. तिथेच हात आखडायचा. इंग्रजी न येणाऱ्या बाईलाही Rs ओळखता येतं, दुकानातल्या पावतीवर ते रोज दिसतं.

आणि सांगून झालाच असेल तर? जीमेलचा कोड गेला असेल तर रडत न बसता वर सांगितलेल्या वाटेने लगेच स्वतः पासवर्ड बदला. चोराने आत शिरून तुमचा मोबाईल नंबर काढून स्वतःचा टाकला असला, तरी त्यानंतर सात दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवर कोड घेण्याची सोय देऊ शकतं. तेवढी मुदत हातातून जाऊ देऊ नका.

बँकेचा कोड गेला असेल तर पहिला फोन 1930 वर, हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे, आणि लगेच बँकेला. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. इथे घाईला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात म्हटलं आहे की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती सांगितली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. म्हणजे घरच्यांना काय सांगू या लाजेने बाई संध्याकाळपर्यंत गप्प बसली, तर तेवढ्या वेळात गेलेले पैसे तिच्याच माथी. कळवल्यावर तक्रारीचा नंबर मिळतो, तो तारीख आणि वेळेसकट वहीत लिहून घ्या.